म्हस कुनी सोडली?

न्यू जर्सीतल्या ज्या हॉस्पिटलात मी दुभाषी म्हणून काम करते, तिथे मराठी रुग्णांच्या कागदावर भाषेच्या रकान्यात पुष्कळदा ‘हिंदी’ लिहिलेलं असतं. इमर्जन्सीत नाव घेणारी मुलगी विचारते, भाषा कोणती? घाबरलेला मुलगा म्हणतो, आईला हिंदी समजतं. तेवढ्यावर ती नोंद होते आणि वॉर्डापासून फिजिओथेरपीपर्यंत तीच चालते. टीव्हीवरची मालिका समजणं आणि दुखतंय कुठे, कसं, कधीपासून हे सांगता येणं यांत केवढं अंतर आहे, हे नोंद करणाऱ्या त्या मुलीला कळायचं काही कारण नाही.

माण तालुक्यातून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या एका आजींचं असंच झालं होतं. वय अठ्ठ्याहत्तर. रात्री बाथरूमला जाताना पडल्या, उजव्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि ते नीट झालं. पण त्या रात्रीपासून आजी नर्सना दाद देईनात. हाताची सुई त्यांनी ओढून काढली. मग पुन्हा काढू नये म्हणून हातांना जाड गादीसारखे मोजे चढवले. रात्री फोनवरून हिंदी दुभाषी जोडून दिला होता. आजींना कमी ऐकू येतं, फोन पलंगाच्या टोकाला ठेवलेला, पलीकडचा आवाज पत्र्यासारखा. आजींनी दिलेली उत्तरं प्रश्नांशी जुळेनात. नर्सने कागदावर लिहिलं: भाषेच्या अडचणीमुळे तपासणी पूर्ण होऊ शकली नाही.

या एका वाक्यामुळे एक अख्खा दिवस गेला. उत्तरं जुळत नव्हती हे खरंच होतं. पण त्याला भाषा कारण आहे असं एकदा लिहिल्यावर दुसरं कारण शोधायला कोणी गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर आले. त्यांनी मुलाला विचारलं, घरी आई कोणती भाषा बोलते? मुलगा म्हणाला, मराठी. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. मुलगा म्हणत होता, मी आहे की सांगायला, दुभाषी कशाला? डॉक्टरांनी त्याला शांतपणे सांगितलं, तुम्ही मुलगा म्हणून इथे बसा, ते काम तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही. इथे दुभाषी देणं ही केवळ सोय नाही, कायदाही आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांनी इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला लायक दुभाषी फुकट द्यावा, असं २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टच्या कलम १५५७ खाली केलेल्या नियमांत सांगितलेलं आहे.

मी तेव्हा या कामात नवीन होते. चाळीस तासांचं प्रशिक्षण आणि इंग्रजीतली लेखी परीक्षा एवढी शिदोरी होती. स्पॅनिश किंवा मँडरिन दुभाष्याला आपल्या भाषेत तोंडी परीक्षा देता येते. मराठीत तशी परीक्षा नाही. त्यामुळे आमची भाषा कोणी तपासलेली नसते आणि आम्हांला शब्द पुरवणारंही कोणी नसतं. नियम मात्र सगळ्यांना सारखेच. बोललेलं सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला तर आपणही ‘मी’ म्हणायचं. आपल्याला स्वतःला काही म्हणायचं असेल तर ‘दुभाषी बोलते आहे’ असं आधी सांगायचं आणि ते दोन्ही भाषांत सांगायचं, म्हणजे खोलीतल्या कोणालाही वाटू नये की आपल्या पाठीमागे काही ठरतंय.

खोलीत गेल्यावर मी आधी मुलाला विचारलं, आजींचं कानाचं यंत्र कुठे आहे? ते आणि चष्मा दोन्ही इमर्जन्सीत कपड्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते आणि पिशवी कपाटात होती. ही गोष्ट मी डॉक्टरांनाही सांगितली. यंत्र कानात बसलं, चष्मा डोळ्यांवर आला. मी आजींच्या चांगल्या कानाच्या बाजूला, त्यांच्या तोंडासमोर खुर्ची घेऊन बसले.

‘मी’ म्हणण्याचा नियम इथे पहिल्या पाच मिनिटांतच मोडावा लागला. डॉक्टर पुरुष, मी बाई. ते म्हणाले ते मी तसंच मराठीत म्हटलं, ‘मी तुम्हांला काही प्रश्न विचारतो.’ आजी माझ्याकडे बघत राहिल्या. समोर बसलेली पोर ‘विचारतो’ म्हणते आणि बोलतोय कोण तर तो उभा असलेला गोरा माणूस. शुद्धीतला माणूस ही गोष्ट क्षणात जुळवून घेतो. आजींच्या कपाळावर आठी पडली ती जाईना. मी थांबून डॉक्टरांना सांगितलं, रुग्णाला कोण बोलतंय हे कळत नाहीये, मी यापुढे ‘डॉक्टर विचारतायत’ असं सांगेन. गोंधळलेल्या रुग्णापुढे असं करायला आमच्या शिक्षणात मुभा आहे. डॉक्टर हो म्हणाले.

त्यांनी जी तपासणी केली ती जगभर वापरली जाते. शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० मध्ये मांडली. तिच्यात चार गोष्टी बघतात. बदल अचानक आलाय का आणि दिवसात कमी-जास्त होतोय का? लक्ष एका जागी टिकतंय का? बोलण्याचा धागा तुटतोय का? जागेपणात काही फरक आहे का, म्हणजे माणूस फार तरतरलेला किंवा पेंगुळलेला आहे का? पहिल्या दोन गोष्टी हव्यातच, आणि उरलेल्या दोहोंपैकी एक.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांकडून येतं. सून म्हणाली, पडायच्या दिवशी संध्याकाळी आईंनी मला पुरणाचं प्रमाण सांगितलं, नातवाचा अभ्यास घेतला. काल सकाळी बऱ्या होत्या, रात्री मला ओळखलं नाही, आज पहाटे पुन्हा ओळखलं. डॉक्टरांना जे हवं होतं ते त्यात सगळं आलं.

लक्ष बघायला इथे एरवी वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगतात. मी विचारलं, डिसेंबरपासून की फाल्गुनापासून? हे मी स्वतः ठरवून टाकणं बरोबर नव्हतं, कारण प्रश्न बदलला की तपासणी बदलते, आणि ती बदलायचा अधिकार डॉक्टरांचा. आजींची शाळा दुसरीपर्यंत झालेली. डॉक्टरांनी विचार केला आणि महिन्यांऐवजी आठवड्याचे वार घेतले. शनिवारपासून उलटे.

‘आजी, डॉक्टर म्हणतायत, शनिवारपासून मागं मागं वार सांगा. शनिवारच्या आधी कोणता?’

‘शनवार,’ आजी म्हणाल्या. ‘शनवारी त्याल आनू न्हाई. कुनी आनलं? बाजाराला कोन गेलंय? म्हस कुनी सोडली? पान्यावर न्ह्यायची व्हती...’ मग डोळे मिटले. काही क्षणांनी उघडले आणि मला म्हणाल्या, ‘पोरी, तू कंच्या वाटंनं आलीस?’

हे इंग्रजीत नेताना हात आपोआप नीटनेटकेपणाकडे जातो. दिवसभर आपण दुसऱ्याचं बोलणं समजेल असं मांडत असतो, तुटलेलं वाक्य मनातल्या मनात जोडून घेत असतो. ‘त्यांना गावातल्या बाजाराची आठवण येते आहे’ असं म्हटलं असतं तर ते इंग्रजीत छान वाटलं असतं. डॉक्टरांना वाटलं असतं, बाई घरच्या आठवणीनं व्याकूळ झाली आहे. मी तसं म्हटलं नाही. शनिवार, तेल, बाजार, म्हैस, पाणी, वाट, ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने, मधले सांधे न जोडता सांगितलं. नंतर दुभाषी म्हणून दोन वाक्यं सांगितली: शनिवारी तेल विकत घेऊ नये अशी समजूत आमच्याकडे आहे, तेवढा तुकडा अर्थपूर्ण आहे, पण त्याचा प्रश्नाशी संबंध नाही आणि पुढच्या तुकड्यांचा एकमेकांशी नाही. शब्द सगळे मराठीच आहेत, उच्चार नेहमीच्या साताऱ्याकडच्या बोलीतले आहेत, जीभ अडखळत नाहीये. ही शेवटची गोष्ट सांगणं मला गरजेचं वाटलं. अर्धांगाच्या झटक्यात वाचा जाते किंवा भलतेच शब्द येतात, आणि परक्या भाषेतलं ऐकणाऱ्या डॉक्टरांना हा फरक माझ्यावाचून कळणं शक्य नसतं.

मुलगा खुर्चीच्या कडेला आला. हळू आवाजात मला म्हणाला, ‘ताई, ते म्हशीचं वगैरे सांगू नका ना. त्यांना वाटेल आई वेडी झालीय. म्हणा की तिला प्रश्न कळला नाही.’

त्याचा जीव तुटत होता. परदेशात आईला आणलं, ती पडली, आणि आता तिच्या डोक्याविषयी परका माणूस काही लिहून ठेवणार. मी म्हटलं, ‘दादा, या खोलीत बोललेलं सगळं मला पलीकडे सांगावं लागतं. तुम्ही आत्ता म्हणालात तेसुद्धा सांगते.’ आणि सांगितलं. डॉक्टर त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, मला ती म्हैस हवी आहे. प्रश्न कळला नाही असं मला सांगितलं तर मी तपासणी सोडून देईन. परवा रात्री तेच झालं.

मग त्यांनी निदान सांगितलं. छोटं वाक्य होतं: तुमच्या आईला डिलिरियम झालं आहे.

डॉक्टर थांबले, मुलगा माझ्याकडे बघत होता, आणि माझ्याजवळ शब्द नव्हता. म्हणजे शब्द बरेच होते, पण प्रत्येकात काहीतरी खोट होती. ‘भ्रम’ म्हटलं तर ‘भ्रमिष्ट’ ऐकू येतं, जे मुलाला आधीच टोचत होतं. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणजे आपल्याकडे वेडच. ‘स्मृतिभ्रंश’ हा वेगळा आजार, तो हळूहळू येतो आणि परत फिरत नाही. आणि सुनेच्या मनात तोच बसलेला होता. ‘बरळणं’ किंवा पुस्तकातला ‘प्रलाप’ हे तोंडातून काय येतं त्याबद्दल बोलतात. पण या आजारात पुष्कळ म्हातारी माणसं काही न बोलता डोळे मिटून पडून असतात, शहाण्यासारखी गप्प आहेत असं सगळ्यांना वाटतं, आणि तेच रुग्ण नजरेतून जास्त सुटतात. शिवाय हे सगळे शब्द गोंधळ दाखवतात, लक्ष न टिकणं हा जो आजाराचा गाभा, तो एकातही नाही. इंग्रजी शब्द तसाच ठेवावा तर मुलाने तो आधी ऐकलेला होता, पण दारू सोडलेल्या माणसाबद्दल. नंतर तो म्हणालाच, ‘आईनं दारूचा थेंब कधी पाहिला नाही.’

अशा वेळी नवीन दुभाष्याला वाटतं की शब्द शोधणं हे आपलंच काम आहे आणि तो आला नाही तर आपण कमी पडलो. पण शब्द घडवणं हे माझं काम नव्हतं. मी बनवलेला शब्द म्हणजे मी केलेलं निदान झालं असतं. मी म्हटलं, ‘दुभाषी बोलते आहे. याला मराठीत रोजच्या वापरातला एक शब्द नाही. जे जवळचे आहेत त्यांतून वेड ऐकू येतं. तुम्ही हे वाक्यांमध्ये उलगडून सांगा, मी ती वाक्यं सांगते.’ हेच मुलाला मराठीत सांगितलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या मराठीत असं उतरलं: ‘मोडलेलं हाड, ऑपरेशन, भूल, दुखणं, नवी औषधं, झोपमोड, या सगळ्याचा भार आईंच्या मेंदूवर एकदम आला आहे. त्यामुळे मेंदूला लक्ष एका जागी धरता येत नाहीये. हे अचानक आलं आहे आणि दिवसात कमी-जास्त होत राहील, संध्याकाळी जास्त. हे वेड नाही आणि विसरण्याचा आजारही नाही. याच्यामागे कारणं असतात. ती सापडून दूर झाली की बहुतेक वेळा हे उतरतं. काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. दुर्लक्ष केलं तर मात्र धोका आहे.’

मुलाने एकदाच विचारलं, ‘वेड नाही ना?’ आणि मी ते विचारून उत्तर परत आणलं: नाही.

तेवढ्यात गावाहून आजींच्या धाकट्या भावाचा फोन आला. मुलाने स्पीकरवर टाकला, हकीकत सांगितली. मामा ऐकून घेऊन म्हणाले, ‘म्हंजी वात झालाय तिला.’ हा शब्द मी माझ्या आजीकडून ऐकला होता. तापात माणूस असंबद्ध बोलायला लागला की म्हणायचे, वात झाला. माझ्या पिढीला वात म्हणजे गुडघे धरतात तोच ठाऊक, म्हणून तो मला सुचला नव्हता. एक क्षण वाटलं, सापडला. पण मामांचा आवाज पडला होता. मी डॉक्टरांना मामांचं वाक्य सांगितलं आणि सुचवलं की या शब्दातून त्यांना काय वाटतं ते त्यांनाच विचारा. डॉक्टरांनी विचारलं. मामा म्हणाले, ‘आमच्याकडं वात झालेलं मानूस मागं फिरत नसतंय. मी यिऊ का?’

वर्णन बरोबर होतं, पण त्या शब्दाच्या आत मृत्यू बसलेला होता. जुन्या काळी विषमज्वरासारख्या तापात ही अवस्था शेवटी यायची, तेव्हा त्या अर्थाला आधारही होता. डॉक्टरांनी मामांना फसवलं नाही. आजार गंभीर आहे, म्हाताऱ्या माणसाला यात जिवाचा धोका वाढतो हे सांगितलं, आणि लगेच सांगितलं की आम्हांला दोन-तीन कारणं आत्ताच दिसत आहेत आणि ती काढता येण्यासारखी आहेत. लगेच निघायची गरज नाही, रोज फोन करा, बहिणीला तुमचा आवाज ऐकू दे.

ती कारणं कशी निघाली ते सांगायला हवं, कारण आजी बऱ्या झाल्या त्या याच्याने. डॉक्टरांनी औषधांचा कागद काढला. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलं होतं. त्याने अंगाला खाज सुटली, म्हणून रात्री डायफेनहायड्रामीन दिलं. सर्दी-खोकल्याच्या आणि झोपेच्या दुकानी औषधांत हे असतं, साधं वाटतं. पण म्हाताऱ्या मेंदूला ते सोसत नाही. लक्ष उडवतं, आणि मूत्राशय आकसायचं थांबवून लघवी तुंबवतं. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने वृद्धांना टाळावीत अशा औषधांची जी यादी केली आहे तिच्यात ते आहे. डॉक्टरांनी मला विचारायला सांगितलं, लघवीला होतंय का? आजी म्हणाल्या, ‘व्हतंय की.’ पण पुढच्याच वाक्यात पोटावर हात ठेवून म्हणाल्या, ‘हितं धोंडा ठिवलाय.’ मी दोन्ही सांगितलं, धोंडासुद्धा. नर्सने पोटावर छोटं सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. मूत्राशयात साडेसहाशे मिलिलिटर लघवी होती, एरवी जेवढ्याला लघवीला जावंसं वाटतं त्याच्या दुपटीच्या आसपास. थोडंथोडं गळत होतं, म्हणून होतंय असं वाटत होतं.

नळीने लघवी काढली तेव्हा आजींच्या कपाळावरची ती आठी पहिल्यांदा सैल झाली.

आणखी एक गोष्ट तंबाखूची. कागदावर प्रश्न होता, धूम्रपान करतात का? मुलगा म्हणाला, छे! मी उत्तर सांगितलं आणि दुभाषी म्हणून पुस्ती जोडली की आमच्याकडे ग्रामीण भागात बायका तंबाखू भाजून त्याची पूड दाताला लावतात, त्याला कोणी धूम्रपान म्हणत नाही, म्हणून वेगळं विचारून बघा. त्यांनी विचारलं, मी ‘मिशरी’ म्हटलं. मुलगा गप्प झाला, सून म्हणाली, ‘हो, दिवसातून चार-पाच वेळा. डबी घरी उशाखाली आहे.’ वर्षानुवर्षांचं निकोटीन पडल्या दिवसापासून बंद झालं होतं. गोंधळाला तेवढंच कारण नसेल, पण तगमगीला हातभार नक्की लागतो. डॉक्टरांनी निकोटीनची पट्टी लिहिली.

बाकीचे उपाय ऐकायला औषधासारखे वाटतही नाहीत. डायफेनहायड्रामीन बंद. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला, म्हणजे मॉर्फिन कमी लागेल. दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार, रक्तदाब बघायला मध्यरात्री उठवायचं नाही. हातांचे मोजे काढले, त्याऐवजी सुनेचा आणि मुलाचा आळीपाळीने मुक्काम. चष्मा, यंत्र, पाणी, खुर्चीत बसवणं, चालवणं. अशाच साध्या गोष्टींचा कार्यक्रम इनूये यांच्या गटाने येल विद्यापीठाच्या हॉस्पिटलात राबवला होता आणि १९९९ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध केले. नेहमीच्या वॉर्डात शंभरातल्या १५ वृद्धांना डिलिरियम झालं, या कार्यक्रमात सुमारे १० जणांना. हे झालं टाळण्याबद्दल. एकदा सुरू झाल्यावर आवरणं जास्त कठीण, आणि गोंधळच काढून टाकील असं एक औषध नाही.

या यादीत भाषा कोणी लिहिलेली नव्हती. मला ती तितकीच खरी वाटते. हातातली सुई कशाला आहे हे आजींना कळेल अशा भाषेत कोणीच सांगितलं नव्हतं. रात्री अंधारात अनोळखी माणसं येतात, अंगाला हात लावतात, काहीतरी बोलतात, हात बांधतात. धडधाकट माणूसही ओरडेल. मी नर्सला काही मराठी वाक्यांचा उच्चार रोमन अक्षरांत लिहून दिला: दुखतंय का, पाणी हवंय का, तुम्ही दवाखान्यात आहात, मुलगा इथेच आहे. त्यावर आधी डॉक्टरांची परवानगी घेतली, आणि हे दुभाष्याची जागा घेणारं नाही असंही सांगितलं. रात्रीची नर्स फिलिपिन्सची होती. ती ‘दुखतंय का’ इतकं मायेने म्हणायची की आजी तिला मराठीच समजून पुढची सगळी कहाणी ऐकवायच्या.

सगळं एका रात्रीत उतरलं नाही. पुढच्या दोन संध्याकाळी म्हैस परत आली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, आज तारीख काय? आजी म्हणाल्या, ‘तारीख मला कशाला ठावं? आज एकादस हाय, आन् ह्या बाईनं मला अंडं आनून दिलंय.’ मी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, ही एकादशी तपासता येईल का? सुनेने मोबाइलवर कालनिर्णय उघडलं. एकादशीच होती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की रुग्णाला दिवसाचं भान आहे. तारीख चुकली म्हणून गुण कापला असता तर तो चुकीचा कापला गेला असता.

मग त्यांनी वार विचारले. आजी जरा वैतागल्या, पण म्हणाल्या, ‘शनवार, शुक्रवार, बेस्तरवार, बुधवार, मंगळवार, सोमवार, आयतवार. आनि काय?’ बेस्तरवार म्हणजे गुरुवार, आयतवार म्हणजे रविवार, सातही बरोबर आणि क्रमाने, असं मी सांगितलं.

घरी सोडायच्या आधी त्या काही दिवस रिहॅब सेंटरमध्ये गेल्या. तिथल्या कागदावर भाषेच्या रकान्यात डॉक्टरांनी स्वतः ‘मराठी’ लिहायला लावलं. सूचना अशीही होती की संध्याकाळचा थोडा गोंधळ काही आठवडे राहू शकतो, आणि पुन्हा कधी ऑपरेशनची वेळ आली तर हे झालं होतं हे आधी सांगा, कारण एकदा झालेल्याला परत होण्याचा संभव जास्त असतो. मुलाने माझ्याकडून ते वाक्य मराठीत वहीत लिहून घेतलं. निदानाच्या जागी त्याने लिहिलं, ‘डिलिरियम: ऑपरेशननंतर अचानक आलेला, येत-जात राहणारा गोंधळ. वेड नाही.’ हे डॉक्टरांना परत इंग्रजीत सांगून आम्ही तपासून घेतलं. पुढे अशा खोलीत जाताना मी तेच वापरते, डॉक्टरांना आधी विचारून.

आई-वडिलांना इकडे आणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. हॉस्पिटलात पाऊल टाकताच भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायला सांगा आणि ती नोंद झाली का ते डोळ्यांनी बघा. चष्मा आणि कानाचं यंत्र पिशवीत जाऊ देऊ नका. मिशरी, तपकीर, झोपेची गोळी, जे काही घरात चालतं ते न लाजता सांगा. दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि आई असंबद्ध बोलायला लागली तर ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द डॉक्टरांपर्यंत जाऊ द्या.